घटक ३ : कौटुंबिक व सामाजिक पत्रलेखन
उपघटक ३.४ : शेजाऱ्यास लिहावयाचे विनंतीपत्र – सामाईक अंगणातील मांजरांचे भांडण

३.४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील उपघटकात आपण कार्यालयास लिहावयाच्या तक्रार-अर्जाचा विचार केला. अर्ज ज्याला लिहावयाचा तो अधिकारी आपल्याला बहुधा पुन्हा भेटत नाही. शेजाऱ्याला लिहिलेल्या पत्राचे तसे नसते. पत्र पोहोचल्यानंतर तासाभरातच तो शेजारी अंगणातल्या नळावर समोर उभा असतो. म्हणूनच या पत्रात एखादा शब्द चुकला, तर त्याचे मोल दीर्घकाळ द्यावे लागते.

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी निरवांगी हे गाव आहे. अशा गावात भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरे आणि दोहोंमध्ये एकच अंगण ही रचना सहज आढळते. समजा, एका घरात सोन्या नावाचा बोका आहे आणि शेजारच्या वडीलधाऱ्या दांपत्याकडे बाळ्या नावाचा बोका आहे. दोघांची वारंवार जुंपते, सोन्याला जखमा होतात, रात्रीची झोपमोड होते. धाकट्या घराने थोरल्या घराला याविषयी पत्र लिहावयाचे आहे. हे पत्र कसे सिद्ध होते, ते प्रस्तुत उपघटकात पाहू.

३.४.२ लेखनापूर्वी : भांडणाचे कारण समजून घेणे

जी गोष्ट शेजाऱ्याच्या हातात नाही ती मागितली, तर पत्र कितीही गोड असले तरी निष्फळ ठरते. ‘आपले मांजर बांधून ठेवावे’ ही मागणी या प्रकारची आहे. गावातले मांजर धान्याच्या कणगीजवळ आणि गोठ्यात उंदरांवर राखण करते. फिरणे हेच त्याचे काम असते.

बोके भांडतात ते हद्दीसाठी. खच्चीकरण न झालेला नर आपल्या फेरीच्या वाटेवर दुसरा नर सहन करीत नाही. ही भांडणे बहुधा पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री होतात, कारण मांजराच्या हालचालीचा तोच काळ असतो. ओट्यावर दूध-भाकरीची ताटली उघडी राहिली, तर दुसरा बोका तिच्या वासाने येतो आणि घरच्या बोक्याला ती आपल्या हद्दीवरची चढाई वाटते. म्हणजे भांडणाला आपल्या घराचाही हातभार असू शकतो. पत्र लिहिण्यापूर्वी हे तपासणे अगत्याचे असते.

जखमेचेही एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. मांजराचा दात बारीक व टोकदार असल्यामुळे वरची जखम लहान दिसते व लवकर मिटते. आत मात्र पू साठतो आणि दोन ते पाच दिवसांनी सूज येते. त्यामुळे सूज दिसली त्या दिवसाची तारीख भांडणाची म्हणून लिहिली, तर ‘त्या दिवशी तर आमचा बाळ्या घरातच होता’ असे उत्तर येते, आणि ते खरेही असते. यासाठी आठवडाभर साधी नोंद ठेवावी : वार, वेळ, अंगणातील जागा आणि त्या वेळी प्रत्यक्ष काय दिसले. जे दिसले नाही, ते पत्रात येऊ नये.

३.४.३ मसुद्याची चिकित्सा

रागाच्या भरात लिहिलेला पहिला मसुदा साधारणपणे असा असतो :

‘तुमच्या बोक्याने आमच्या मांजराला फाडून काढले आहे. हे रोजचेच झाले आहे. आमच्या अंगणात तो पुन्हा दिसता कामा नये. तुम्ही त्याचा बंदोबस्त करा, नाही तर आम्हाला करावा लागेल.’

या चार वाक्यांत चार दोष आहेत. पहिल्या वाक्यात ‘तुमच्या बोक्याने’ हा कर्ता तृतीया विभक्तीत ठळकपणे पुढे येतो आणि वाक्याला आरोपपत्राचे रूप येते. तेच वृत्त ‘सोमवारी पहाटे दोघांची जुंपली आणि सोन्याच्या मागच्या पायाला जखम झाली’ असे लिहिले, तर ‘जखम’ हा शब्द कर्त्याच्या जागी येतो. यात घटना लपत नाही, पण दोषही ठरवला जात नाही. येथे एक मर्यादा पाळावी. दोन्ही बोक्यांची नावे एकदा तरी स्पष्ट यावीत. अन्यथा पत्र आडवळणाचे वाटते आणि शेजारी ‘हे आम्हालाच टोमणे आहेत’ असे समजतो.

दुसरा दोष ‘रोजचेच’ या शब्दात आहे. अतिशयोक्ती एका ठिकाणी उघडी पडली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. ‘आठवड्यात तीनदा’ हे शब्द सौम्य असूनही अधिक बळकट आहेत.

तिसरा दोष ‘आमच्या अंगणात’ हा. मराठीत ‘आम्ही’ या सर्वनामातून ऐकणारा वगळला जातो, तर ‘आपण’ या सर्वनामात तो सामावला जातो. सामाईक अंगणाला ‘आमचे’ म्हटले की मांजरांच्या भांडणातून जागेच्या हक्काचे भांडण उभे राहते. ‘आपल्या अंगणात’ हा शब्दप्रयोग वस्तुस्थितीलाही धरून आहे. मात्र ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही सर्वनाम आहे. ‘आपण याचा विचार करावा’ या वाक्यात विचार कोणी करावयाचा, हे संदिग्ध राहते. ‘आपण दोन्ही घरांनी मिळून’ असे म्हटले की संदिग्धता दूर होते.

चौथा दोष ‘बंदोबस्त’ या शब्दाचा. कोशातला त्याचा अर्थ व्यवस्था असा असला, तरी प्राण्याच्या संदर्भात त्याला मारण्याची किंवा पोत्यात घालून दूर सोडण्याची छटा येते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार पाळीव प्राण्याला भूक-तहानेने हाल होतील अशा रीतीने टाकून देणे हा गुन्हा आहे. असा शब्द धमकी म्हणून वापरला, तर तो उद्या लिहिणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकतो.

३.४.४ संबोधन व विनंतीचे क्रियारूप

शेजारी वडीलधारे असल्याने ‘महोदय’ हे संबोधन येथे परकेपणाचे ठरते. ‘तीर्थरूप’ हे संबोधन आई-वडिलांसाठी, तर त्यांच्या ठिकाणी मानलेल्या वडील माणसांसाठी ‘तीर्थस्वरूप’ असा संकेत आहे. त्यापुढे ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, हा मायना यावा. समवयस्कासाठी ‘स. न. वि. वि.’ पुरेसा असतो. पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ लिहू नये. त्या एका ओळीने पत्राचा अर्ज होतो.

विनंतीसाठी क्रियारूपांची उतरंड ध्यानात ठेवावी. ‘ठेवा’ ही आज्ञा, ‘ठेवावे’ ही सूचना, ‘ठेवाल का’ ही पृच्छा आणि ‘ठेवता आले तर बरे होईल’ ही विनंती. वडील माणसाला शेवटची दोन रूपे शोभतात. मागणी मात्र एकच आणि करता येण्याजोगी असावी, आणि तिच्या आधी आपण स्वतः काय केले ते सांगावे.

३.४.५ नमुना पत्र

निरवांगी, ता. इंदापूर, जि. पुणे
दि. १७ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप अण्णा व काकू यांस,
सा. न. वि. वि.

समक्ष बोलावे असे दोनदा मनात आले. पण अण्णा मळ्यात आणि मी कामावर, अशी चुकामूक झाली. म्हणून चार ओळी लिहून पाठवीत आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या अंगणात सोन्या आणि बाळ्या यांची तीनदा जुंपली. सोमवारी, ११ तारखेला पहाटे नळापाशी झालेल्या झोंबीत सोन्याच्या मागच्या पायाला दात लागला. गुरुवारी पाय सुजला, तेव्हा त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन औषध आणले. आता तो बरा आहे. बाळ्यालाही कोठे लागले असेल, तर वरून जखम मिटलेली दिसली तरी हाताने चाचपून पाहावे, असे डॉक्टरांनी सांगितले.

यात आमचीही चूक आहे. सोन्याची ताटली आम्ही रात्री ओट्यावरच ठेवीत होतो. तिच्या वासाने बाळ्या येत असावा. आता ताटली घरात घेतली आहे, आणि तिन्हीसांजेपासून सकाळी सातपर्यंत सोन्याला आम्ही आतच ठेवतो. रात्री बाळ्या कणगीपाशी उंदरांवर असतो, त्याचा आम्हालाही उपयोगच आहे. त्याचे फिरणे थांबावे असे आमचे म्हणणे नाही.

एकच विनंती आहे. खच्चीकरण केल्यावर बोक्यांची भांडणे पुष्कळ कमी होतात, असे डॉक्टर म्हणाले. सोन्याचे आम्ही पुढील आठवड्यात करून घेणार आहोत. त्याच वेळी बाळ्यालाही नेता आले तर बरे होईल. नेण्या-आणण्याचे काम मी करीन. आपल्या मनात दुसरा काही उपाय असेल, तर तोही सांगावा. रविवारी सकाळी चहाला येतो, तेव्हा बोलू.

काकूंच्या गुडघ्याला आता आराम असेल अशी आशा आहे. कळावे, लोभ आहे तो वाढावा.

आपला नम्र,
(सही)

३.४.६ पत्रानंतर

पत्र मुलाच्या हाती न देता स्वतः द्यावे आणि ते घरातल्या कर्त्या माणसाच्या हाती पडेल अशी वेळ निवडावी. चार माणसांत दिलेले पत्र, मजकूर काहीही असला तरी, चव्हाट्यावर केलेली तक्रार ठरते.

पत्र लागू पडले की नाही, हे उत्तराच्या पहिल्या वाक्यावरून कळते. शेजारी बाळ्याविषयी बोलू लागला, तर पत्र नीट पोहोचले. तो ‘तुम्ही असे का लिहिले’ असे विचारू लागला, तर कोठेतरी शब्द बोचला आहे. अशा वेळी दुसरे पत्र लिहू नये, समक्ष जावे. उपाय मान्य झाला तरी परिणाम लगेच दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे जुना स्वभाव टिकतो, आणि वयाने मोठ्या, भांडणाची सवय जडलेल्या बोक्यात तो पूर्णपणे जाईलच असे नाही. हे आधीच सांगून ठेवले, तर पुढची एखादी झोंबी ‘तुमच्या सांगण्याचा काय उपयोग झाला’ या प्रश्नापर्यंत जात नाही. पशुवैद्यकाने काय सांगितले ते शेजाऱ्याने स्वतः ऐकावे हे उत्तम, म्हणून दवाखान्यात शक्यतो दोघांनी मिळून जावे.

३.४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘तुमच्या बोक्याने आमची झोप मोडली’ हे वाक्य दोषारोप टाळून पुन्हा लिहा. वाक्याचा कर्ता कसा बदलला ते सांगा.
२. ‘आम्ही’ व ‘आपण’ या सर्वनामांतील भेद नमुना पत्रातील प्रत्येकी एका उदाहरणाने स्पष्ट करा.
३. हेच पत्र समवयस्क शेजाऱ्याला लिहावयाचे झाल्यास मायना, क्रियारूपे व समारोप यांत कोणते बदल कराल?
४. नमुना पत्रातील ‘यात आमचीही चूक आहे’ हा परिच्छेद विनंतीनंतर ठेवला असता, तर पत्राचा परिणाम कसा बदलला असता? आठ-दहा ओळींत लिहा.