रात्रीचं जेवण आणि दोन वाजताची जाग

डोंबिवली-बदलापूरहून मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांच्या घरी रात्रीची पानं साडेनऊ-दहाच्या आधी क्वचितच वाढली जातात. दिवसभरातलं एवढंच काय ते गरम, निवांत जेवण, त्यामुळे ते पोटभर होतं. अकराला पाठ टेकायची आणि दोनला जाग यायची: घशाशी आंबट पाणी, छातीत जळजळ, कोरडा खोकला. मग झोप उडते ती पहाटेपर्यंत.

भरलेलं पोट घेऊन आडवं झालं की जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत यायला वाट सोपी होते. त्यात जेवण तेलकट असेल तर जठर रिकामं व्हायलाच उशीर लागतो. म्हणून जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तासांचं अंतर ठेवायला डॉक्टर सांगतात. काय खाल्लं याच्याइतकंच कधी खाल्लं हे महत्त्वाचं. 2007 साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांवर एक छोटा प्रयोग केला. पटकन पचणाऱ्या भाताचं जेवण झोपेच्या चार तास आधी दिलं, तेव्हा त्यांना सरासरी नऊ मिनिटांत झोप लागली. तेच जेवण एक तास आधी दिलं, तेव्हा साडेचौदा मिनिटांच्या आसपास लागली. माणसं मोजकी, तीही निद्रानाश नसलेली. तेव्हा यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण रात्रीच्या भाताला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवायला हरकत नाही.

घरी पोचायलाच साडेआठ होत असतील तर काय करायचं? जेवण दोन भागांत वाटायचं. सकाळी डबा भरताना दोन पोळ्या आणि कोरडी भाजी वेगळ्या छोट्या डब्यात द्यायची आणि ती ऑफिसमधून निघण्याआधी, सहाच्या सुमारास खायची. स्टेशनवरचा वडापाव आपोआप टळतो. घरी आल्यावर हातपाय धुऊन लगेच, टीव्ही लावण्याआधी, थोडकं जेवायचं. सव्वाअकराला झोपणाऱ्याला मग जवळजवळ अडीच तास मिळतात.

थोडकं म्हणजे किती? एका माणसापुरती पाव वाटी तांदूळ आणि तेवढीच मुगाची डाळ धुऊन घ्यावी. चमचाभर तुपात जिरं, हिंग, हळद आणि किसलेलं आलं परतावं, दुधीच्या मूठभर फोडी घालाव्यात आणि अडीच वाट्या पाण्यात कुकरला मऊ शिजवावं. मिरची, लसूण, गरम मसाला नको. खिचडीवर कच्च्या तेलाची धार धरायची सवय असेल तर ती सुट्टीच्या दुपारसाठी राखून ठेवावी. छोले, राजमा, मटकीची उसळ यांनी गॅस होणाऱ्यांनी त्याही दुपारीच खाव्यात. टोमॅटोचं सार पातळ म्हणून हलकं वाटतं, पण ज्यांना आंबटाने जळजळतं त्यांना ते चालत नाही. साबुदाण्याची खिचडी तर नावालाच उपासाची. शेंगदाण्याचं कूट आणि तूप मिळून ती चांगलीच जड होते.

उलट टोकाची चूकही होते. रात्री नुसती काकडी किंवा फळाच्या दोन फोडी खाऊन झोपलेल्या माणसाला मध्यरात्री भुकेनेच जाग येते. तसं होत असेल तर झोपण्याआधी तासभर अर्धा कप कोमट दूध किंवा एक केळं पुरतं. दुधाने झोप येतेच असं मात्र सिद्ध झालेलं नाही. भूक भागते, एवढं खरं.

चहाकडे आपण जेवण म्हणून बघत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, कित्येकांना त्याहून जास्त. सहाच्या चहातलं निम्मं अकरालाही अंगात असतं. झोपेची तक्रार असणाऱ्याने दुपारी तीननंतरचा चहा बंद करून बघावा. दारूने लवकर डोळा लागतो आणि रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटक जातो, त्यामुळे तो उपाय नव्हे.

दोन आठवडे एका वहीत जेवणाची वेळ, पदार्थ, शेवटचा चहा आणि जाग आल्याची वेळ लिहून ठेवा. जागेपणी घसा जळत असेल, ढेकर येत असतील, तर दोष बहुधा जेवणाचा. लघवीसाठी वारंवार उठावं लागत असेल तर आधी रात्रीचं पाणी, ताक, सूप कमी करून बघा. पोट शांत आहे आणि तरी डोळ्याला डोळा लागत नाही, किंवा जोरात घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगतात, तर खिचडीने काही होणार नाही, डॉक्टरांकडे जा. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर रात्रीचं जेवण कमी करण्याआधीच त्यांना विचारा, कारण औषध तेवढंच आणि जेवण निम्मं असं झालं तर झोपेत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.