मध्यंतरात अठरा जीबी

हौशी नाट्यसंस्था प्रयोगाचं चित्रण बहुतेक वेळा आता फोनवरच करतात. फोन ट्रायपॉडवर लावायचा, फोर-के निवडायचं, पडदा उघडण्याआधी लाल बटण दाबायचं. चित्र सुरेख येतं. अडचण येते ती जागेची. सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने फोर-के चित्रण केलं, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर मिनिटाला साधारण ३६० एमबी लागतात. पन्नास मिनिटांचा पहिला अंक म्हणजे १८ जीबी. १२८ जीबीच्या फोनमध्ये आधीचे फोटो आणि अ‍ॅप असताना दुसऱ्या अंकाला जागा उरेलच असं नाही. म्हणून तिसरी घंटा व्हायच्या आत, पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात, पहिला अंक लॅपटॉपवर गेला पाहिजे. त्यातून नाट्यगृहात मोबाइलला रेंज नाही आणि केबल नेमकी घरी राहिली आहे.

हे काम जमण्यासारखं आहे आणि त्याला एक पैचाही डेटा लागत नाही. मात्र ते साडेसात मिनिटांत होतं की वीस तासांत, हे कोणतं अ‍ॅप वापरलं यावर फारसं अवलंबून नसतं. फाइल हवेतून कोणत्या वाटेने गेली, यावर ते ठरतं.

वाटा तीन. पहिली ब्लूटूथची. तिचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला पाव एमबीच्या आसपास असतो, म्हणजे १८ जीबीला वीस तास. दुसरी वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याची. गर्दीच्या ठिकाणी ती सेकंदाला जेमतेम ५ एमबी देते, म्हणजे एक तास. तिसरी ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याची. अलीकडचा फोन आणि अलीकडचा लॅपटॉप शेजारी ठेवले, तर तिथे सेकंदाला ४० एमबी सहज मिळतात. अठरा हजार भागिले चाळीस, म्हणजे ४५० सेकंद. मध्यंतर संपायच्या आत काम होतं आणि चहालाही वेळ उरतो.

अँड्रॉइड फोन आणि विंडोजचा लॅपटॉप या आपल्याकडच्या सर्वांत नेहमीच्या जोडीसाठी क्विक शेअर हे साधन आहे. गुगलने २०२० साली ते निअरबाय शेअर या नावाने आणलं, २०२३ मध्ये विंडोजसाठी दिलं आणि २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळून तेच नाव ठेवलं. त्याआधी आपल्याकडे शेअरइट आणि झेंडर घराघरांत होती. जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये ही दोन्ही होती. आज कुणी त्यांची फाइल कुठून तरी मिळवून देऊ केली, तर घेऊ नका. गरजच उरलेली नाही.

क्विक शेअरमध्ये ब्लूटूथ लागतं, पण ते फक्त ओळख पटवायला. फोन आणि लॅपटॉप ब्लूटूथवरून एकमेकांना शोधतात, कोण कोणाला काय पाठवतंय हे ठरवतात आणि मग खरं ओझं वाय-फायवर टाकतात. त्यासाठी दोघे मध्ये राउटर न घेता आपसांत तात्पुरता वाय-फायचा दुवा जोडतात. म्हणून इंटरनेट नसलं तरी चालतं, पण वाय-फाय आणि ब्लूटूथची दोन्ही बटणं दोन्हीकडे चालू हवीत. ‘इंटरनेट नाहीच, मग वाय-फाय कशाला चालू ठेवायचं’ म्हणून अनेक जण ते बंद करतात आणि नेमके तिथेच अडकतात.

नेट लागतं ते एकदाच, अ‍ॅप उतरवून घेताना, आणि ते प्रयोगाच्या आदल्या दिवशी घरी करायचं. फोनमध्ये क्विक शेअर आधीपासून असतं. लॅपटॉपवर ते अँड्रॉइडच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावं. त्याला ६४-बिट विंडोज १० किंवा पुढचं लागतं. लॅपटॉपला ओळखू येईल असं नाव द्या. घरच्या घरी एक छोटा व्हिडिओ पाठवून पाहा, म्हणजे फायरवॉलची परवानगी वगैरे प्रश्न शांतपणे सुटतात.

नाट्यगृहात मग एवढंच उरतं. लॅपटॉपवर क्विक शेअर उघडून कोण पाठवू शकेल तिथे Everyone निवडा. फोनवर गॅलरीत किंवा फाइल्समध्ये व्हिडिओ निवडा, शेअर दाबा, क्विक शेअर घ्या, लॅपटॉपचं नाव दिसलं की त्यावर बोट ठेवा. दोन्ही पडद्यांवर आलेला आकडा सारखाच आहे ना हे बघून लॅपटॉपवर स्वीकारा. भरल्या सभागृहात हा आकडा पाहणं टाळू नका, कारण आसपास तुमच्यासारखीच नावं असलेली यंत्रं असू शकतात. काम झालं की Everyone काढून टाका. फाइल लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये जाते.

आता पहिलं मिनिट घड्याळावर मोजा. वाट ५ गिगाहर्ट्झची असेल, तर मिनिटभरात १८ जीबीपैकी सुमारे तेरा टक्के गेलेले दिसतील. दोन टक्केही गेले नाहीत, तर फाइल २.४ वर रांगते आहे. टक्का हललाच नाही, तर ती ब्लूटूथवरच राहिली आहे. वाईट वेग दिसला की थांबवा. ‘पुढे वाढेल’ या आशेवर मध्यंतर घालवू नये; सुरुवातीची वाट साधारणपणे शेवटपर्यंत तीच राहते.

वाट चुकण्याचं मुख्य कारण लॅपटॉपमध्ये असतं. लॅपटॉपला वाय-फायचा रेडिओ बहुधा एकच असतो. तो नाट्यगृहाच्या कार्यालयातल्या एखाद्या जुन्या २.४ च्या राउटरला आधीच जोडलेला असेल, तर फोनशी होणारं बोलणंही बऱ्याचदा त्याच पट्ट्यावर होतं. उपाय साधा आहे: लॅपटॉपचं वाय-फाय चालू ठेवायचं, पण त्या राउटरपासून तोडायचं, आणि पुन्हा पाठवायचं. लॅपटॉप इतका जुना असेल की त्याला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही, तर मात्र केबलला पर्याय नाही. हे आदल्या दिवशीच्या चाचणीत कळलेलं बरं.

एवढं करूनही क्विक शेअर अडलं, तर दुसरी पद्धत तयार ठेवावी. माझा भरवसा खरं तर तिच्यावर अधिक आहे, कारण तिच्यात वाट आपण स्वतः निवडतो. तिच्यासाठी लोकलसेंड हे मोफत, मुक्तस्रोत अ‍ॅप दोन्हीकडे आधी टाकून ठेवायचं. ते ब्लूटूथला हात लावत नाही. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर असली की झालं. हे नेटवर्क फोनच्या हॉटस्पॉटने करता येतं.

फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचा पट्टा ५ गिगाहर्ट्झ करा. काही फोनांवर Extend compatibility असं बटण असतं. ते चालू असेल तर हॉटस्पॉट २.४ वर जातो, म्हणून ते बंद ठेवायचं. मग मोबाइल डेटा बंद करून हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. डेटा बंद करण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फाइल जाताना डेटा खर्च होत नाही, पण रेंज असेल तर लॅपटॉपला वाटतं नेट मिळालं आणि विंडोजचे अपडेट तुमच्या पॅकमधून उतरू लागतात. लॅपटॉप ‘इंटरनेट नाही’ म्हणेल, म्हणू द्या. उलट, लॅपटॉपचा हॉटस्पॉट करून त्याला फोन जोडायचा विचार इथे चालत नाही, कारण विंडोजचा हॉटस्पॉट स्वतःला कुठलंच नेटवर्क जोडलेलं नसेल तर सुरूच होत नाही.

लॅपटॉपवर त्या वाय-फायची माहिती उघडली की Network band समोर 5 GHz दिसलं पाहिजे. Link speed समोर ८६६ किंवा त्याच्या आसपासचा आकडा असेल, तर त्याला आठाने भागा आणि आलेल्याचा अर्धा धरा: सेकंदाला पन्नासेक एमबी, हा खरा वेग. तिथे ७२ दिसलं, तर पट्टा चुकला आहे.

आता दोन्हीकडे लोकलसेंड उघडा. प्रत्येक यंत्राला अ‍ॅपने फळाचं एखादं नाव दिलेलं असतं. फोनवर लॅपटॉपचं नाव दिसलं की फाइल निवडून पाठवा. नाव दिसतच नसेल, तर दहापैकी नऊ वेळा दोष विंडोजच्या फायरवॉलचा असतो. नव्या वाय-फायला विंडोज Public समजतं आणि अनोळखी यंत्रांना दार बंद करतं. त्याच सेटिंगमध्ये Private निवडलं की नाव उमटतं. हॉटस्पॉट तुमचा, पासवर्ड तुमचा, त्यामुळे यात धोका नाही. नाट्यगृहाच्या किंवा हॉटेलच्या सार्वजनिक वाय-फायवर मात्र असं करू नये. तिथे तसंही बहुधा चालणार नाही, कारण अशा ठिकाणचे राउटर ग्राहकांची यंत्रं एकमेकांना दिसू देत नाहीत.

लोकलसेंड फाइल कुलूपबंद करून पाठवतं आणि साध्या फोनांना त्याचं ओझं जाणवतं. वेग कमी वाटला, तर दोन्हीकडच्या सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन बंद करता येतं. स्वतःच्या हॉटस्पॉटवर ते मला मान्य आहे, कारण पासवर्डच्या वाय-फायचं कुलूप असतंच. इतर कुठे नाही. फाइल जात असेपर्यंत फोनवर अ‍ॅप समोर ठेवा आणि बॅटरी सेव्हर बंद करा. लॅपटॉपही दहा मिनिटांत झोपी जाणार नाही एवढं पाहून ठेवा.

आयफोन आणि मॅक अशी जोडी असेल, तर हेच काम एअरड्रॉप करतं. आयफोन आणि विंडोज असेल, तर लोकलसेंडच उपयोगी पडतं. अ‍ॅपमधल्या पायऱ्या अशाच आहेत, पण आयफोनचा हॉटस्पॉट मोबाइल डेटा बंद ठेवून चालत नाही.

फाइल पोचली म्हणून फोनवरची लगेच पुसू नका. दोन्हीकडे फाइलचे तपशील उघडा आणि आकार शेवटच्या बाइटपर्यंत जुळतो का पाहा. फोन जीबीत गोळाबेरीज दाखवत असेल तर निदान तो आकडा ताडा. मग लॅपटॉपवर व्हिडिओ उघडून शेवटच्या मिनिटावर न्या. फोनने केलेल्या एमपी-४ फाइलमध्ये कोणतं दृश्य कुठे आहे याची सूची बहुधा अगदी शेवटी लिहिलेली असते. शेवटचा तुकडा आला नसेल, तर फक्त शेवटचं दृश्य हरवत नाही, अख्खा अंक उघडत नाही. म्हणून शेवट चालला, की फाइल पूर्ण आली असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

त्यानंतर पुसताना एक पायरी राहून जाते. गॅलरीतून पुसलेला व्हिडिओ कचरापेटीत जातो आणि बहुतेक फोनांवर तीस दिवस तिथेच जागा अडवून बसतो. कचरापेटी उघडून तो तिथूनही काढा, सेटिंगमध्ये मोकळी जागा १८ जीबीने वाढली का बघा, आणि मगच फोन पुन्हा ट्रायपॉडवर चढवा.