कागदाची तारीख आधी

मी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात जमिनीचे दावे चालवते. एका सुनावणीत न्यायाधीशांनी विचारलं, वाटणीचा फेरफार कुठे आहे? तो माझ्याकडे होता. पक्षकाराने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, मी लॅपटॉपवर उतरवून घेतला होता, वाचलाही होता. पण त्या क्षणी सापडेना. `scan0047.pdf`, `IMG-20240312-WA0009.jpg`, `712 (3).pdf` अशा नावांच्या शेकडो फायलींमध्ये तो कुठेतरी होता. पुढची तारीख घ्यावी लागली आणि एका म्हाताऱ्या माणसाला एसटीने पुन्हा तीस किलोमीटर यावं लागलं. त्यानंतर मी संगणकावरचं सगळं दप्तर नव्याने लावलं.

फायली हरवण्याचं मूळ मला नावात सापडलं. `IMG-20240312` मधली तारीख फोटो व्हॉट्सॲपवर आला त्या दिवसाची आहे. आतला फेरफार १९८७चा आहे, हे त्या नावात कुठेच नाही. कागद शोधताना मला तो कधी आला हे आठवत नाही. कागद कधीचा, कसला आणि कोणत्या जमिनीचा, एवढंच आठवतं. म्हणून नावात त्याच तीन गोष्टी हव्यात, आणि तारीख सर्वांत आधी, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. संगणक नावं डावीकडून वाचत लावतो. आपण नेहमीप्रमाणे दिवस आधी लिहिला, तर वेगवेगळ्या वर्षांच्या १४ तारखा एका ओळीत येतात आणि काळाचा क्रम मोडतो.

आता एका दाव्याचं फोल्डर असं दिसतं (जमीन आणि क्रमांक इथे बदलले आहेत):

```
1962-04-18_kharedikhat_sn-88.pdf
1987-06-14_ferfar-1043_vatani_gat-212.pdf
2003_satbara_gat-212.pdf
2024-03-12_notice_javak.pdf
```

२००३च्या सातबाऱ्याचा महिना वाचता येत नव्हता, म्हणून नुसतं वर्ष लिहिलं. अंदाजाने महिना घालू नये. वर्षभराने तो अंदाज आपल्यालाच खरा वाटू लागतो. या पद्धतीचा मोठा लाभ मला नंतर कळला. फोल्डर उघडलं की दाव्याचा घटनाक्रम आपोआप समोर येतो. आधी खरेदी, मग वाटणी, मग नोटीस. पूर्वी हा घटनाक्रम लिहायला माझी एक अख्खी संध्याकाळ जायची.

नावं मी रोमन अक्षरांत लिहिते. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण इथे अडचण खरी आहे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलं जातं. एकात ते स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात ‘अ’ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे असतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी एकाचा शोध घेतला तर दुसरं सापडत नाही. ‘२०२४’ आणि ‘2024’ यांचंही तसंच. मात्र रोमनमध्येही एक धोका आहे: आज `ferfar` आणि उद्या `pherphar`. म्हणून कार्यालयाच्या भिंतीवर पंचवीस शब्दांची यादी लावली आहे. kharedikhat, vatani, satbara, notice. कनिष्ठ वकील आणि टंकलेखक दोघेही त्यातलेच शब्द वापरतात. यादीत नसलेला शब्द हवा असेल, तर आधी यादीत लिहायचा, मग फाइलला द्यायचा.

फोल्डर कागदाच्या प्रकाराप्रमाणे करू नयेत. सगळे सातबारे एकीकडे, सगळ्या नोटिसा दुसरीकडे अशी रचना नीटनेटकी दिसते, पण कामाच्या वेळी पाच ठिकाणी हात घालावा लागतो. एक दावा, एक फोल्डर. त्याशिवाय फक्त ‘आवक’ नावाचं एक फोल्डर आहे. कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखंच ते. फोनवरून, ईमेलवरून, स्कॅनरमधून जे येईल ते आधी तिथेच पडतं. संध्याकाळी कार्यालय बंद करण्याआधी त्याला नाव मिळतं आणि ते आपल्या दाव्यात जातं. आवकमध्ये तीन दिवसांपूर्वीचा कागद दिसला, तर पद्धत ढिली पडते आहे असं समजावं.

नुसत्या नावाने सगळं भागत नाही. वरच्या यादीत १९६२च्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर ८८ आहे आणि १९८७च्या फेरफारावर गट २१२. जमीन एकच आहे. मधल्या काळात एकत्रीकरण योजना आली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ‘gat-212’ शोधणाऱ्याला ते खरेदीखत कधीच सापडणार नाही. म्हणून प्रत्येक दाव्यात `00_tipan.txt` नावाची साधी मजकूर-फाइल असते. शून्यामुळे ती सर्वांत वर राहते. तिच्यात पहिली ओळ: सर्व्हे ८८ म्हणजेच गट २१२. मग एकेका वाक्यात माहिती आणि ती कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर आहे ते. ‘वाटणीत धाकट्या भावाला उत्तरेकडची बाजू, फेरफार १०४३, पान २.’ पानाचा आकडा नसलेलं टिपण न्यायालयात उभं राहत नाही. निकालांचे संदर्भही त्यातच लिहिते, पण निकाल कशासाठी उपयोगी पडेल हे स्वतःच्या शब्दांत लिहिल्याशिवाय नाही.

आता कागदाच्या आतल्या मजकुराचा शोध. छापील कागद स्कॅन केला की संगणकासाठी ते नुसतं चित्र असतं. त्यातली अक्षरं ओळखून चित्रामागे मजकुराचा थर घालणारी मोफत साधनं आहेत. मराठीची भाषा-फाइल बसवलेली असेल, तर मी ही आज्ञा देते:

```
ocrmypdf -l mar+eng scan.pdf shodh.pdf
```

कनिष्ठ न्यायालयातल्या जुन्या मसुद्यांची गोष्ट वेगळी आहे. ते कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टंकलेले असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकला, तर `ejkBh` दिसतं. अशा फायलीत ‘मराठी’ शोधून काहीच मिळत नाही. ही कसोटी प्रत्येकाने आपल्या जुन्या फायलींवर एकदा करून पाहावी. जे मसुदे पुन्हा लागणार आहेत, तेवढेच युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत आणि बदलल्यावर आकडे व जोडाक्षरं मुळाशी ताडून पाहावीत.

हस्तलिखित फेरफार, मोडीतले जुने दस्त यांवर मात्र ही आज्ञा जवळजवळ निरुपयोगी ठरते. तिथे आपण दिलेलं नाव आणि टिपणातली ओळ हाच एकमेव धागा उरतो.

जुन्या ढिगाचं काय, असं मला बरेच जण विचारतात. मी तो `june` नावाच्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा सरकवला. सगळ्याची नावं बदलायला बसले असते, तर आठवड्यात थकले असते. एखादा कागद लागला की तिथून काढते, नाव देते, दाव्यात ठेवते. ज्याची कधीच गरज पडली नाही तो तिथेच आहे, आणि त्याने काही बिघडलेलं नाही. दर शनिवारी सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर जाते. इंटरनेटवरच्या साठ्यात आपोआप जाणारी प्रत तेवढ्यासाठी पुरेशी नाही. इथे चुकून फाइल पुसली, की तीही पुसली जाते.

आज आपल्या डाउनलोड फोल्डरमधले शेवटचे दहा कागद उघडा आणि प्रत्येकाला आतली तारीख, प्रकार व विषय द्या. सहा महिन्यांनी त्यातला एक शोधावा लागेल, तेव्हा तो एका मिनिटात मिळतो का ते पाहा.