केशर महाग की तेल?

दिवाळीत चोपडापूजनापूर्वी अनेक दुकानांत मालाची शिरगणती होते. चारशे वस्तू दोन दिवसांत मोजून होतात आणि मग वर्षभर कुणी मोजत नाही. परंतु सर्व माल सारख्याच दक्षतेने सांभाळण्याची आवश्यकता नसते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये मालाचे 'ए', 'बी' आणि 'सी' असे तीन वर्ग करण्याची पद्धत मांडली. ती किराणा दुकानासही तितकीच लागू पडते.

यातील मुख्य गोष्ट अशी की, वर्ग ठरतो तो दरावरून नव्हे, तर वर्षाच्या खपाला खरेदीदराने गुणून येणाऱ्या रकमेवरून. समजा, एका दुकानाची वार्षिक खरेदी साठ लाखांची आहे. केशर ग्रॅमला २५० रुपये. वर्षात ६० ग्रॅम खपते, म्हणजे १५,००० रुपये. तेलाचा डबा २,५०० रुपयांचा. असे २०० डबे, म्हणजे पाच लाख. महाग दिसते केशर, पण दुकानाचा पैसा अडकतो तेलात.

अशा रकमा उतरत्या क्रमाने लिहून बेरीज करीत जावे. वरच्या चाळीसएक वस्तूंतच खरेदीचा सुमारे सत्तर टक्के पैसा आढळतो. तो 'ए' वर्ग. पुढच्या ऐंशी वस्तूंत वीस टक्के, तो 'बी'. उरलेल्या २८० वस्तू 'सी'; त्यांत जेमतेम दहा टक्के.

'ए' वर्गाची मोजणी आणि मागणी दर आठवड्याला करावी. तेल महिन्याचे एकदम घेतले तर सुमारे ४२,००० रुपयांचा माल येऊन पडतो; आठवड्याचे घेतले तर दहा हजारांच्या आत भागते. शिवाय एक डबा कमी भरला, तर सात दिवसांच्या बिलांत त्याचा माग लागतो; वर्षानंतर तो लागत नाही. 'बी' महिन्यातून एकदा, 'सी' वर्षातून दोनदा मोजला तरी पुरे.

मात्र 'सी' म्हणजे निरुपयोगी नव्हे. पापडखार वर्षाला ४० किलो, किलोला ६० रुपये, म्हणजे अवघे २,४०० रुपये. तो फाल्गुनातच हंगामभराचा भरून ठेवावा. चैत्रात पापडखार मिळाला नाही, तर गृहिणी उडीदडाळीसह सगळी यादी घेऊन दुसऱ्या दुकानात जाते. स्वस्त वस्तूचा साठा मुबलक ठेवण्यास खर्च फारसा नसतो. ती संपली तर नुकसान मोठे होते.

केशराचेही तसेच. रकमेने ते 'बी' वर्गात बसते, पण मुठीत मावणारी मौल्यवान वस्तू सहज नाहीशी होते. म्हणून ते कुलपात ठेवून 'ए'प्रमाणेच मोजावे. खप आणि भाव बदलतात, तेव्हा ही यादी दर सहा महिन्यांनी नव्याने मांडावी. नाहीतर गेल्या वर्षीच्या मालावर लक्ष राहते आणि यंदाचा पैसा दुसरीकडेच अडकलेला असतो.