व्यापारातला दबाव आणि दुसऱ्या देशातला हस्तक्षेप : फरक कुठे पडतो?

पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा मोठा पोलाद कारखाना आहे. 4 जून 2025 पासून अमेरिकेने परदेशी पोलादावरचा आयात कर 25 वरून 50 टक्के केला. त्याच वर्षी 27 ऑगस्टपासून भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर 25 टक्के जादा कर लावला, आणि कारण सांगितलं की भारत रशियाचं तेल घेतो. पोलादावर आधीच वेगळा कर असल्यामुळे हा दुसरा कर त्याला लागला नाही. दोन्हीकडे फटका आपल्यालाच बसला, पण कायद्याच्या नजरेत या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

एका देशाने दुसऱ्याच्या अंतर्गत किंवा परराष्ट्र कारभारात हस्तक्षेप करू नये, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला जुना नियम आहे. 1986 मध्ये निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याची कसोटी सांगितली. त्यात दोन प्रश्न विचारायचे. पहिला, हा विषय त्या देशाने स्वतःच्या मर्जीने ठरवायचा आहे का? दुसरा, त्याला ठरवू न देण्यासाठी जबरदस्ती झाली का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच नियम मोडला.

आता पोलादाचा कर बघू. तो बहुतेक सगळ्या देशांवर होता आणि अमेरिकेच्या स्वतःच्या कारखान्यांना संरक्षण देण्यासाठी होता. भारताने आपलं एखादं धोरण बदलावं, अशी अट त्यात नव्हती. म्हणून तो व्यापाराचा झगडा ठरतो, हस्तक्षेप नाही. 2018 मध्ये असाच 25 टक्के कर आला, तेव्हा भारताने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या बदाम, अक्रोड, सफरचंदांवर जादा कर लावला. 2023 मध्ये तडजोड झाल्यावर तो काढला.

तेलाची गोष्ट वेगळी आहे. तेल कुणाकडून घ्यायचं हा भारताचा स्वतःचा निर्णय, आणि कर लावला तो निर्णय बदलावा म्हणूनच. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येतं. घोडं अडतं ते दुसऱ्यावर.

निकाराग्वाची साखर अमेरिका विकत घेत असे. 1983 मध्ये तिने हा कोटा 90 टक्क्यांनी कापला आणि 1985 मध्ये सगळा व्यापारच बंद केला. तरीही न्यायालय म्हणालं की एवढ्यावरून हस्तक्षेपबंदीचा नियम मोडला असं म्हणता येत नाही. बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं मात्र हस्तक्षेप ठरलं. गंमत म्हणजे व्यापारबंदीसुद्धा बेकायदा ठरली, पण ती दोन देशांमधल्या 1956 च्या लेखी मैत्री करारामुळे. कारण सरळ आहे: कुणाशी व्यापार करायचा हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला असतो, करारात तो सोडलेला नसेल तर.

1970 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात मात्र आर्थिक मार्गाने जबरदस्ती करायलाही मनाई आहे. मग किती दबाव म्हणजे जबरदस्ती, याचं माप आजही कुठे लिहिलेलं नाही. कोकणातल्या कतारला असलेल्या घरांना 2017 आठवत असेल. सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी जमीन, समुद्र आणि आकाश असे तिन्ही रस्ते बंद केले आणि 13 मागण्या पुढे ठेवल्या. त्यात अल जझीरा बंद करा, तुर्की लष्कराचा तळ हटवा, अशाही मागण्या होत्या. नुसता माल न घेण्यापेक्षा हे जबरदस्तीच्या कितीतरी जवळ जातं. तरी ही नाकेबंदी जानेवारी 2021 मध्ये समझोत्याने सुटली, आणि हा हस्तक्षेप होता का यावर हेगमध्ये निकाल झालाच नाही.

निवडणुकीलाही हीच कसोटी लावायची. सरकार कुणाचं असावं हे त्या देशानेच ठरवायचं, त्यामुळे तिथे पहिला प्रश्न सुटलेलाच असतो. बाहेरच्या नेत्याने एखाद्या उमेदवाराची तारीफ केली, तर मतदार ती ऐकून हवं तिथे मत देऊ शकतो, म्हणून ती जबरदस्ती नाही. पण मतदार यादी किंवा मतमोजणीच्या यंत्रणेत घुसून निकाल फिरवला, तर लोकांची निवडच हिरावली जाते. हा नियमभंग आहे, असं ब्रिटनच्या ॲटर्नी जनरलनी 2018 मध्येच सांगितलं. खोट्या बातम्या मधल्या पट्ट्यात येतात. ‘अमुक उमेदवार वाईट आहे’ हा प्रचार झाला, पण मतदानाची तारीखच चुकीची सांगून लोकांना घरी बसवलं तर पारडं नियमभंगाकडे झुकतं.

म्हणून पुढे कुठल्या कराची बातमी आली, तर टक्के बघण्याआधी त्यासोबतची अट बघावी. अट नसेल तर मामला व्यापाराचा. अट असेल, तर ती नाकारायला त्या देशाकडे खरोखर रस्ता उरला होता का, यावर हस्तक्षेप ठरतो. आणि लेखी करार असेल, तर भांडायला तोच जास्त पक्का आधार असतो.