अर्ध्या जमिनीची रेघ मधोमध नसते

एका शेताची उत्तरेची बाजू 60 मीटर, तिला समांतर दक्षिणेची 100 मीटर आणि लांबी 200 मीटर. क्षेत्र 1.6 हेक्टर. दोन भावांत समान वाटणी करायची म्हणून बरोबर 100 मीटरवर रेघ मारली, तर एकाला 70 आर मिळतात, दुसऱ्याला 90. रेघ दक्षिणेला सरकायला हवी, पण किती?

हिशेब सोपा आहे. उत्तरेच्या तुकड्यात 1,000 चौरस मीटर कमी पडतात. तिथे रेघेची लांबी 80 मीटर. भागाकार 12.5, म्हणून नवी रेघ 112.5 मीटरवर. आता 15.6 चौरस मीटर जादा होतात, त्यांना 82.5 ने भागून रेघ 19 सेंटिमीटर मागे घेतली की वाटण्या जुळतात.

क्यूजीआयएसमध्ये आधी थर `EPSG:32643` सारख्या मीटरच्या प्रणालीत आणावा (पश्चिम महाराष्ट्राला ही चालते). अक्षांश-रेखांशात ठेवला तर `area(@geometry)` चौरस अंश दाखवते, ते निरुपयोगी. मग संपादन सुरू करून `Split Features` घ्यावे आणि रेघ हद्दीबाहेरून सुरू करून बाहेरच संपवावी. आत थांबली तर तुकडे पडत नाहीत. आकडा चुकला की कृती रद्द करून रेघ पुन्हा मारावी.

तक्त्यात क्षेत्राचा रकाना असेल तर तो पुन्हा मोजून घ्याच. तुकडे पडल्यावरही दोन्ही ओळींत सहसा जुने 1.6 हेक्टरच राहतात.