जत्रेच्या फोटोतला सहा पैशांचा पाळणा

जुन्या बाजारातल्या फोटोवरून कथा लिहायची तर आधी फोटोत काय दिसते तेवढेच पाहावे, कथेचा विचार नंतर. समजा, हाती आलेला कृष्णधवल फोटो एका गावच्या जत्रेचा आहे. मध्ये हाताने फिरवायचा लाकडी पाळणा, डावीकडे कासाराचे दुकान, पुढे ओळीने उभी माणसे. पहिल्या नजरेला एवढेच भरते. पण यातले काहीच या फोटोचे खास नाही, असे दृश्य कुठल्याही जत्रेत सापडेल.

भिंग लावले की पाळण्याजवळची पाटी वाचता येते. तिच्यावर ‘१ आणा’ खोडून खाली खडूने ‘६ न.पै.’ लिहिले आहे. भारतात १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणि १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द गळाला. म्हणजे फोटो बहुधा या मधल्या वर्षांतला. खोडलेला आणा पाहता सुरुवातीच्याच. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होत. व्यवहारात सहा धरत.

दुसरा तपशील पुढच्या ओळीत आहे. सगळे चेहरे स्पष्ट, फक्त एका मुलाचे डोके धूसर. शटर उघडे असतानाच त्याने मान वळवली असणार. त्याची उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली आणि रेखीव आहे.

हे दोन तपशील जोडले की कथेला धागा मिळतो. जुन्या हिशेबात आण्याचे चार पैसे. घरून आजीने मुलाला पाच पैशांचे नवे नाणे दिले. तिच्या लेखी ते आण्याहून पैसाभर जास्तच. पाळणेवाल्याच्या लेखी मात्र त्यात एक पैसा कमी. मुलगा मान वळवून कासाराकडे बसलेल्या आजीला शोधतो, तेवढ्यात फोटो निघतो. कुणी लबाड नाही, तरी मुलाचा पाळणा अडला. हा पेच कथेला पुरेसा आहे. वर आजारपण किंवा मृत्यू आणला, तर फोटो नुसता निमित्त उरतो.

मुठीत काय आहे हे फोटो सांगत नाही, म्हणून कल्पनेने शिरायची जागा तीच. पाटी मात्र पुरावा आहे. तिच्यावरचा दर कथेच्या सोयीसाठी बदलला, तर पेचच कोसळतो. निगेटिव्ह उलटी छापली असेल तर पाटीवरची अक्षरेही उलटी दिसतात. तसे असेल तर उजवी मूठ डावी ठरते.

कच्च्या खर्ड्यात हटकून होणारी चूक म्हणजे पहिल्या परिच्छेदातच सगळ्या फोटोची यादी देणे. पाटी मुलाला दिसते तेव्हाच वाचकाला दिसावी. बांगड्यांचे दुकानही आजी तिथे बसली आहे म्हणूनच यावे. एरवी ते गाळलेले बरे. फोटोतली माणसे खरी असतात, त्यांचे नातलग हयात असू शकतात. त्यामुळे फोटोमागे नाव लिहिलेले असले, तरी कथेत ते आणि गाव दोन्ही बदलतात.